कंपनीच्या गेटबाहेरची नाष्ट्याची गाडी: पाच पदार्थांचा मेनू कसा ठरवायचा

नाष्ट्याची गाडी टाकायची ठरली की पहिली यादी लांबलचक होते. पोहे, उपमा, शिरा, इडली, डोसा, भजी, वडापाव, मिसळ, ऑम्लेट, चहा, कॉफी. जो भेटेल तो एक पदार्थ वाढवून जातो. दोन माणसांच्या गाडीला यातले पाचच झेपतात, आणि ते पाच सकाळच्या गर्दीकडे बघून निवडावे लागतात.

इथे मी चाकणसारख्या औद्योगिक वसाहतीतली गाडी धरली आहे. पहाटे साडेपाचला लागणारी, अकराला आवरणारी. एक मालक किंवा मावशी, एक मदतनीस, दोन शेगड्या, उभ्याने खायला एक फळी आणि बसायला दोन बाक. एसटी स्टँडजवळ किंवा कॉलेजबाहेर वेळा वेगळ्या असतील, हिशोबाची रीत हीच राहील. खालचे भाव उदाहरणादाखल आहेत. तुमच्या बाजारातले भाव घालून आकडे पुन्हा मांडा, कारण बेसन आणि तेल दर महिन्याला हलतं.

पहिलं काम: गर्दी कधी येते ते लिहून काढा

गाडी लावण्याआधी आठवडाभर त्या जागेवर सकाळी नुसतं उभं राहा आणि दर पंधरा मिनिटांना किती माणसं थांबतात ते वहीत टिपा. तीन पाळ्यांच्या कारखान्यात पहिली पाळी साधारण सातला सुरू होते आणि त्याच वेळी रात्रपाळी सुटते. म्हणजे सातच्या आसपास दोन वेगळी गिऱ्हाइकं येतात. साडेसहा ते पावणेसात-सातपर्यंत येतो तो आत जाणारा. त्याला कार्ड पंच करायचं असतं, तो उभ्याने खातो, घड्याळाकडे बघतो, आणि त्याला दोन मिनिटांत हातात काहीतरी हवं असतं. सातनंतर येतो तो सुटलेला. तो दमलेला असतो, बाकावर बसतो, मिसळ मागतो, वर दोन चहा पितो. साडेआठच्या सुमारास जनरल शिफ्टची आणि ऑफिसातली माणसं येतात, आणि मध्ये मध्ये टेम्पोवाले.

आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी आहे तेही विचारून घ्या. पुणे परिसरात बऱ्याच कारखान्यांना रविवारऐवजी गुरुवारी सुट्टी असते. हे माहीत नसेल तर पहिल्याच गुरुवारी पाच किलो पोहे भिजवून बसाल.

शेजारच्या गाड्यांवर साडेनऊ वाजता काय उरलेलं असतं, ते आवर्जून बघा. काय संपतं हे सगळेच बघतात. उरलेल्या पातेल्यावरून त्या जागेला काय नको आहे ते कळतं.

दुसरं काम: मागितल्यावर शिजणारा पदार्थ कापून टाका

सातच्या आधीची पंचवीस मिनिटं आणि पन्नास माणसं धरा. एका माणसामागे अर्धा मिनिट मिळतो, आणि त्यातच पैसे घेणंही आलं. या मापाने प्रत्येक पदार्थ तपासा.

कढईत तयार असलेल्या पोह्यांची प्लेट भरायला दहा सेकंद लागतात. वडा तळून ठेवलेला असेल तर पाव चिरून, चटणी लावून वडापाव पंधरा सेकंदांत हातात जातो. मिसळीला उसळ, फरसाण, रस्सा, कांदा, लिंबू असे पाच हात फिरवावे लागतात, तरी अर्ध्या-पाऊण मिनिटात होते. डोशाला मात्र एका तव्यावर अडीच मिनिटं जातात. पंचवीस मिनिटांत दहा डोसे निघतील आणि मागे उभी असलेली माणसं पलीकडच्या गाडीवर जातील. एकदा तिकडचे पोहे आवडले की ती परत येत नाहीत. ऑम्लेटचं गणित तेच, शिवाय अंडं आणि उपवासाची खिचडी एकाच गाडीवर असली की उपवासवाला लांबूनच निघून जातो.

इडली वाढायला झटपट असते, पण तिला सांबार लागतं, ओल्या नारळाची चटणी लागते, आदल्या दिवशी वाटण लागतं, आणि थंडीत पीठ फुगेलच याची खात्री नसते. एवढी सगळी तयारी फक्त इडलीसाठी. दोन माणसांनी सुरुवातीला या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरं काम: एका तयारीतून किती पदार्थ निघतात ते बघा

पाच पदार्थ असले तरी तयारी पाच नको. पहाटे चार वाजता तुमच्याकडे मोजके हात असतात, म्हणून पदार्थ एकमेकांना धरून असावेत. मी सुचवतो ती यादी अशी: पोहे, वडापाव, मिसळ, चहा आणि पाचवा ‘आजचा पदार्थ’, जो वाराप्रमाणे बदलतो.

यात चिरलेला कांदा पोह्यांत जातो, मिसळीवर जातो आणि उपम्यातही जातो. पाव दोन ठिकाणी लागतो, त्यामुळे बेकरीवाल्याकडून लाद्या घेताना वड्याला किती आणि मिसळीला किती हे वेगळं ठरवावं लागत नाही. शेव पोह्यांवर जाते आणि फरसाण कमी पडलं तर मिसळीलाही चालते. सगळ्यात कामाचं म्हणजे मिसळीच्या रश्श्याचं पातेलं. त्यातलं एक ओगराळं पोह्यांवर घातलं की सँपल-पोहे झाले, वड्यावर घातलं की वडा-सँपल. विदर्भात तर्री-पोहे अख्खा बाजार चालवतात ते याच बळावर. फळ्यावर पाच नावं राहतात आणि गिऱ्हाइकाला सात प्रकार खायला मिळतात. नवीन काहीही शिजवावं लागत नाही.

रोज ताजं आणायचं ते पाव, दूध, कोथिंबीर आणि लिंबू. बाकीचा माल आठवड्यातून एकदा किंवा दोनदा.

चौथं काम: एका प्लेटचा खर्च काढा

पोह्यांपासून सुरू करा, कारण ते रोज होतात. एक किलो जाडे पोहे साठ रुपये, अर्धा किलो कांदा पंधरा, दीडशे ग्रॅम शेंगदाणे वीस, दीडशे ग्रॅम तेल बावीस, मिरची-कढीपत्ता-कोथिंबीर-लिंबू मिळून पंचवीस, आणि वर घालायची दीडशे ग्रॅम शेव अठ्ठावीस. एकूण १७० रुपये. एक किलो पोह्यांचा घाणा शिजून साधारण पावणेतीन किलो भरतो. प्लेटला १६० ग्रॅमच्या आसपास वाढलं तर सतरा प्लेटी निघतात, म्हणजे दहा रुपयाला एक. विकायची वीसला.

हात सैल पडतो तो इथेच. अंदाजाने वाढणारा माणूस नकळत दोनशे ग्रॅम घालतो आणि सतराच्या चौदा प्लेटी होतात. एका घाण्यामागे तीन प्लेटी, म्हणजे साठ रुपये गेले. दिवसाला तीन घाणे आणि महिन्याला सव्वीस दिवस धरले तर साडेचार हजारांवर रक्कम जाते. यावर उपाय एकच: १६० ग्रॅम पोहे बसतील अशी वाटी किंवा डाव ठरवा आणि तो बदलू नका. मदतनीस वाढत असेल तरी वाटी तीच. पहिल्या आठवड्यात घरच्या काट्यावर अधूनमधून एखादी प्लेट ठेवून बघा.

बाकीच्यांचा हिशोब याच रीतीने करायचा. किलोभर बटाट्यांचे वीस वडे होतात. बेसन, तळणीचं शोषलेलं तेल, पाव, लसणाची चटणी आणि तळलेली मिरची धरून एक वडापाव बारा रुपयांच्या आत बसवता येतो. तो विकायचा वीसला. एक किलो कोरड्या मटकीला मोड आले की ती दुप्पट भरते आणि पंचवीस प्लेटींची उसळ होते. पण मिसळीत मटकी सगळ्यात स्वस्त. पैसा जातो फरसाण, दोन पाव आणि तेल-खोबऱ्याचं वाटण यांत. सगळं मिळून तीस रुपये धरा, विक्री साठला. चहाचा एक कटिंग साडेचार रुपयांना पडतो आणि दहाला जातो. उपमा सगळ्यात स्वस्त, आठ रुपयांत प्लेट. तोही वीसला.

सगळे भाव दहाच्या पटीत ठेवले आहेत ते मुद्दाम. पंचवीस रुपयांची प्लेट ठेवली की सातच्या गर्दीत पाच-पाच रुपये सुट्टे शोधण्यात वेळ जातो. मोबाइलवरून पैसे देणारे वाढले असले तरी रोख देणारा अजून असतोच.

आता एक सकाळ मांडून बघू. पोहे ५० प्लेट, वडापाव ६०, मिसळ २०, उपमा १८ आणि चहा १००. गल्ल्यात ४,७६० रुपये येतात. मालाचे २,४१४ वजा केले की २,३४६ उरतात. त्यातून मदतनिसाचे पाचशे, गॅसचे अडीचशे, कागदी प्लेटा-द्रोण-पिण्याचं पाणी यांचे दीडशे, आणि जागा व सामानाची ने-आण यांचे दीडशे. हातात तेराशेच्या जवळपास राहतात. गॅस १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरचाच धरला आहे. घरगुती सिलिंडर गाडीवर चालत नाही, आणि त्याचा भाव धरून काढलेला हिशोबही खोटा ठरतो.

यात कोण किती देतं ते पाहा. वीस मिसळींनी सहाशे रुपये दिले, साठ वडापावांनी चारशे ऐंशी. शंभर चहांनी साडेपाचशे दिले, आणि तेही जवळजवळ हात न हलवता. वडापाव टक्क्यांत सगळ्यात कमी देतो म्हणून तो काढून टाकावासा वाटेल. काढू नका. तळणीचा वास रस्त्यापलीकडे जातो आणि नवीन माणूस वड्याला थांबतो. चहा त्याला पाच मिनिटं धरून ठेवतो. मिसळ पैसे देते, पण बाक अडवते, म्हणून ती सातच्या आधी पुढे करायची नाही. कोणी मागितलीच तर द्यायची. मात्र, ‘मिसळ गरम आहे’ अशी हाक सात वाजून गेल्यावर द्यावी.

पाचवं काम: घाण्यांचं वेळापत्रक

पोहे कढईत वीस-पंचवीस मिनिटं चांगले राहतात, पुढे कडक होत जातात. म्हणून तीन किलो एकदम फोडणीला टाकायचे नाहीत. पहिला किलोचा घाणा सव्वासहाला, दुसरा पावणेसातला, तिसरा सव्वाआठला. कांदा, मिरची, शेंगदाणे पहाटेच तीन डब्यांत मोजून ठेवा. पोहे मात्र घाण्याच्या आधी दहा मिनिटं धुवून निथळत ठेवायचे. कढई गरम पाण्याच्या रुंद पातेल्यावर बसवून झाकली तर पोहे मऊ राहतात. खाली थेट आच दिली की तळ लागतो आणि शेंगदाण्यांना करपट वास येतो.

वडे बारा-पंधराच्या घाण्यात तळा. एका घाण्याला पाच-सहा मिनिटं लागतात, त्यामुळे साडेसहाला पंचवीस वडे ताटात हवेतच. कढईत गर्दी केली की तेल थंड पडतं आणि वडा तेल पितो. असा वडा कागदावर ठेवल्यावर मोठा डाग पडतो आणि हिशोबात धरलेलं तेल पुरत नाही. तळणीच्या तेलाला वर फेस यायला लागला, रंग काळपट झाला किंवा नेहमीच्या आचेवरच धूर दिसला की ते ओतून द्या. पोह्यांच्या फोडणीला तर ते वापरूच नका, सकाळच्या पहिल्याच घासाला कळतं. आणि वडा वर्तमानपत्रात बांधून देऊ नका. शाई अन्नाला लागते म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाची त्याला मनाई आहे. कोरा बटर पेपर घ्या.

मटकी आदल्या दिवशी सकाळी भिजवून संध्याकाळी फडक्यात बांधावी लागते. थंडीत मोड यायला आणखी वेळ लागतो, तेव्हा एक दिवस आधीपासून सुरुवात करा. मटकीला आंबूस वास आला किंवा ती हाताला बुळबुळीत लागली तर पातेल्यात घालू नका. बटाटे रात्री उकडून चालतील, पण वड्याची भाजी पहाटेच करा. मे-जूनच्या उकाड्यात रात्रीची भाजी सकाळपर्यंत चिकट होते, बोटाने उचलली की तार सुटते. अशी भाजी पुन्हा गरम करूनही खाण्यालायक होत नाही. रस्सा मंद आचेवर सतत उकळता ठेवा. उरलेला रस्सा दुसऱ्या दिवशीच्या पातेल्यात मिसळायचा मोह होतो. गिऱ्हाईक मात्र दुसऱ्याच दिवशी जिभेने ओळखतं.

सहावं काम: तोच माणूस परत यावा म्हणून

गेटसमोरच्या गाडीवर रोज येणारी माणसं ऐंशी-शंभरच असतात आणि तीच पुन्हा पुन्हा येतात. त्यांना दोन गोष्टी हव्या असतात: कालचीच चव, आणि अधूनमधून काहीतरी वेगळं. पहिले चार पदार्थ पहिल्या गोष्टीसाठी आहेत. मीठ, हळद, मसाला चिमटीने टाकू नका. एका किलोला लागणाऱ्या मिठाची वाटी ठरवा. मावशी गावी गेल्या आणि मदतनिसाने पोहे केले तरी मीठ तेवढंच पडलं पाहिजे.

पाचवा पदार्थ वेगळेपणासाठी. तो मनाला येईल तसा बदलू नका, वार बांधून द्या. सोमवारी साबुदाण्याची खिचडी, मंगळवारी उपमा, बुधवारी शिरा, शुक्रवारी पुन्हा उपमा, असं काहीतरी, आणि ते फळ्यावर कायम लिहिलेलं असू द्या. ‘आज बुधवार, शिरा असेल’ हे गिऱ्हाइकाच्या डोक्यात बसायला महिना लागतो. एकदा बसलं की ते त्या वारी डबा न आणता येतात.

खिचडीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तिच्यावर गिऱ्हाईक जोडलंही जातं आणि तुटतंही. श्रावणातले सोमवार, संकष्टी, एकादशी, नवरात्र या दिवसांत ती दुपटीने जाते, तेव्हा कॅलेंडर बघून साबुदाणा वाढवा. धुतल्यावर साबुदाण्याच्या वर जेमतेम बोटाच्या पेरभर पाणी ठेवून रात्रभर झाका. सकाळी दाणा दोन बोटांत सहज चिरडला पाहिजे आणि तरी मोकळा राहिला पाहिजे. पाणी जास्त झालं तर खिचडीचा गोळा होतो, आणि तो गाडीवर सुधारता येत नाही. तिची कढई वेगळी, झारा वेगळा. फोडणी जिऱ्याची, तेल शेंगदाण्याचं किंवा तूप. हळद-मोहरी नाही. कांद्याच्या कढईतला झारा खिचडीत गेलेला एखाद्याने पाहिला तर तो काही बोलणार नाही, पण त्याच्याबरोबर येणारे चौघेही पुढच्या सोमवारी दिसणार नाहीत. दाण्याच्या कुटामुळे तिचा खर्च उपम्याच्या दुप्पट होतो, म्हणून ती तीसला विका. लोक देतात.

पगाराची तारीखही मेनूतच धरा. कारखान्यांचे पगार महिन्याच्या सात ते दहा तारखेपर्यंत होतात. त्यानंतरचे दहा दिवस मिसळ वाढते, शेवटच्या आठवड्यात तोच माणूस पोहे-चहावर येतो. वीस तारखेनंतर मटकी अर्ध्याने कमी भिजवा आणि पोह्यांचा अर्धा घाणा वाढवा. याच दिवसांत उधारी मागतात. ती द्यायची असेल तर नाव, तारीख आणि रक्कम गिऱ्हाइकासमोर लिहा, माणशी आठवड्याच्या नाष्ट्याएवढीच मर्यादा ठेवा आणि ती सगळ्यांना सारखी लावा.

‘मावशी, थोडं सँपल टाका ना’ ही हाक रोज येईल. पहिल्यांदा मोकळ्या हाताने द्या. रश्श्याचं ओगराळं दोन-तीन रुपयांना पडतं आणि त्याच्यासोबत तो माणूस बहुतेक वेळा जादा पाव विकत घेतो. फरसाण मात्र जादा देऊ नका, त्याचे वेगळे पैसे लावा.

वही बघून बदल

रोज अकराला प्रत्येक पदार्थासमोर तीन गोष्टी लिहा: किती केला, किती वाजता संपला, किती उरला. पोहे सलग तीन दिवस साडेआठच्या आधी संपले तर अर्धा घाणा वाढवा. पाचांहून जास्त प्लेटी उरायला लागल्या तर शेवटचा घाणा अर्धा करा. पोह्यांचा एक अख्खा घाणा उरला की मालाचे एकशे सत्तर गेलेच, आणि तीनशे चाळीसचा गल्लाही हुकला. म्हणून शंका असेल तेव्हा कमी करा. मात्र नऊच्या आत ‘पोहे संपले’ असं रोजच्या माणसाला सांगायची वेळ येऊ देऊ नका. तेवढ्यासाठी भिजवायचे किलोभर पोहे आणि चिरलेला कांदा राखीव ठेवता येतो. धुतलेच नाहीत तर पोहे वाया जात नाहीत.

माल महागला की पहिला विचार माप कमी करायचा येतो. गिऱ्हाइकाला भावातली वाढ चालते, पण लहान झालेला वडा चालत नाही. पावसाळा संपता संपता कांदा बहुधा कडाडतो. तेव्हा महिनाभर कांदेपोह्यांचे बटाटेपोहे करा, फळ्यावर तसं लिहा, आणि मिसळीवर कांद्यासोबत बारीक चिरलेला कोबी किंवा मुळा द्या. तेल किंवा बेसन कायमचं वाढलं असेल तर मात्र भाव वाढवा. वाढ पगारानंतरच्या आठवड्यात करा आणि चार दिवस आधी फळ्यावर लिहून ठेवा.

नवा पदार्थ आणायचा असेल, समजा थालीपीठ किंवा दडपे पोहे, तर तो पाचव्या जागेवर चार बुधवार ठेवून बघा. त्याला वाढायला किती वेळ लागला, त्याच्यासाठी वेगळा कोणता माल आणावा लागला, आणि पहिल्या बुधवारी खाल्लेल्यांपैकी कोण चौथ्या बुधवारी परत मागायला आलं, एवढं टिपा. थालीपीठ बहुतेक वेळेच्या मापात नापास होईल, कारण तेही तव्यावर एकेक लावावं लागतं. दडपे पोहे पास होतील. त्यांना शेगडी फोडणीपुरतीच लागते, कांदा-कोथिंबीर घरचीच आहे, फक्त पातळ पोहे आणि ओलं खोबरं आणावं लागतं. चौथ्या बुधवारी ते साडेआठच्या आत संपत असतील तर शिऱ्याचं नाव पुसून तिथे दडपे पोहे लिहा.